सिलेंडर कुणाकडे किती, त्यातले भरलेले किती आणि रिकामे किती: डीलर लोकांचे नेहमीचे प्रश्न

शिरोली एमआयडीसीतून कागल, इचलकरंजी, गडहिंग्लज, जयसिंगपूर अशा डीलरांना ऑक्सिजन, आर्गॉन, नायट्रोजनचे सिलेंडर जातात, त्याचा हिशोब मी बरीच वर्षं बघतोय. दर महिन्याला तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. नवीन डीलर असाल किंवा तुमच्या ऑफिसात नवीन पोरगा हिशोबाला बसला असेल तर त्याला आधी हे वाचायला द्या.

प्रश्न: माझ्या नावावर 129 सिलेंडर दाखवताय, पण माझ्या गोडाऊनमध्ये तर 50च्या आसपासच आहेत. हे कसं काय?

सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नाचे येतात. तुमच्या नावावरचा आकडा म्हणजे तुमच्या जबाबदारीवर असलेले आमचे एकूण सिलेंडर, आणि ते तीन ठिकाणी असतात: तुमच्या गोडाऊनमध्ये भरलेले, तुमच्या गोडाऊनमध्ये रिकामे, आणि तुमच्या गिऱ्हाइकांकडे लागलेले. तिसरा ढीग डोळ्यांना दिसत नाही, आणि सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात. वेल्डिंगवाल्याकडे एक लागलेला आणि एक जादाचा असे दोन सिलेंडर तर असतातच, फॅब्रिकेशनवाल्याकडे चार-पाच पण असतात. असे 30-35 गिऱ्हाईक धरले तरी 70-75 सिलेंडर बाहेरच फिरत असणार.

प्रश्न: मग तुमच्या कॉम्प्युटरवर माझे भरलेले किती आणि रिकामे किती ते का दिसत नाही? नुसता एकूण आकडाच का?

कारण आम्हाला ते माहीतच नसतंय. आमच्याकडे कागद कुठले येतात ते बघा: भरलेले दिल्याचं चलन, रिकामे परत आल्याचं चलन, आणि कधीतरी भरलेलाच न वापरता परत आला तर त्याचं चलन. या तिन्हीतून फक्त एकूण निघतं. सकाळी 10 भरलेले तुमच्याकडे उतरवले, दुपारी त्यातले 6 तुम्ही विकले आणि बदल्यात 4 रिकामे घेतले, याचा कुठलाच कागद आमच्याकडे येत नाही. म्हणून भरलेले-रिकामे हा भाग फक्त दोन गोष्टींवरून कळतो, एक म्हणजे तुमचं रोजचं विक्री रजिस्टर आणि दुसरं म्हणजे गोडाऊनमध्ये उभं राहून केलेली मोजणी. एखादा सॉफ्टवेअरवाला "आमच्यात डीलरचा भरला-रिकामा आपोआप दिसतो" म्हणाला तर त्याला एवढंच विचारा की डीलरची विक्री त्यात कोण टाकणार. डीलरने टाकली नाही तर तो सॉफ्टवेअर पण अंदाजच दाखवणार.

प्रश्न: एकूण आकडा जुळतोय ना, मग भरलेले-रिकामे वेगळे कशाला पाहिजेत?

पैशासाठी आणि गाडीसाठी. भरलेल्यात गॅसचा पैसा अडकलेला असतो, रिकाम्यात नाही. आणि रिकामा तुमच्याकडे पडून राहिला की आमचं भरणं थांबतं, कारण भरायला रिकामा तर प्लांटवर पाहिजे. समजा दोन डीलर आहेत, गिऱ्हाइकांकडचे सोडून दोघांच्या गोडाऊनमध्ये 60-60. एकाकडे 50 भरलेले 10 रिकामे, त्याला आठवडाभर गाडी पाठवायची गरज नाही. दुसऱ्याकडे 8 भरलेले 52 रिकामे, त्याला आजच गाडी पाहिजे नाहीतर त्याचं गिऱ्हाईक उद्या दुसऱ्याच्या दारात. एकूण आकडा बघून गाडी लावली तर दोघांना सारखीच पाठवू, आणि ते चुकीचं होईल.

प्रश्न: कारखान्याच्या दुरुस्तीच्या दिवसात माझा आकडा एकदम वाढतो, तुम्ही मला लगेच फोन करून "सिलेंडर कुठं गेले" विचारता. हे बरोबर आहे का?

नाही, आणि आम्ही तो प्रकार आता थांबवलाय. गाळप संपलं की साखर कारखान्यात कटिंग-वेल्डिंगची कामं निघतात, उन्हाळ्यापासून पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत चालतात, आणि कागल-गडहिंग्लज पट्ट्यातल्या डीलरचे सिलेंडर तिकडं जाऊन बसतात. तिथं एकेका ठेकेदाराकडे 15-20 सिलेंडर सहज लागतात आणि काम संपेपर्यंत परत येत नाहीत. त्यामुळे या दिवसात तुमचा आकडा मागच्या महिन्याशी लावून उपयोग नाही, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी लावायचा. आणि एक पाळा, ठेकेदाराचं नाव कारखान्याच्या नावाखाली टाकू नका, ठेकेदाराच्याच नावाने लिहा. काम संपल्यावर ठेकेदार जातो, कारखाना तिथंच असतो, आणि कारखान्याच्या गेटवर "आमच्याकडे तुमचं काही नाही" एवढंच उत्तर मिळतं.

प्रश्न: एक महिना पूर्ण करून दाखवा की, नुसतं सांगून कळत नाही.

बरं, कागलच्या बाजूच्या एका डीलरचा ऑक्सिजनचा एक महिना घेऊ. फक्त 7 क्यूबिक मीटरचे मोठे सिलेंडर, बाकी गॅस सोडून.

1 तारखेला त्याच्या नावावर 120 होते. गोडाऊनमध्ये भरलेले 30, रिकामे 25, म्हणजे गिऱ्हाइकांकडे 65. महिनाभरात आम्ही 208 भरलेले पाठवले, 196 रिकामे परत आले, आणि 3 भरलेलेच परत आले कारण त्यांच्या व्हॉल्व्हला गळती होती. महिनाअखेरीला वहीप्रमाणे 120 अधिक 208 वजा 196 वजा 3, म्हणजे 129.

मग आमचा माणूस जाऊन मोजून आला. भरलेले 22, रिकामे 31, म्हणजे गोडाऊनमध्ये 53. 129 मधून 53 गेले तर बाहेर 76 पाहिजेत. पण डीलरच्या गिऱ्हाईक यादीची बेरीज आली 70. म्हणजे 6चा फरक.

इथं बरेच लोक "6चं डिपॉझिट कापा" म्हणून मोकळे होतात. थांबायचं. आधी भरलेल्यांचा हिशोब लावायचा. सुरुवातीला 30 भरलेले, आले 208, परत गेले 3, शेवटी उरले 22, म्हणजे 213 विकले गेलेच पाहिजेत. त्याच्या विक्री रजिस्टरला 209. चार कमी! मग 4 भरलेले गेले कुठं? आमच्याच गाडीवाल्याला विचारलं तेव्हा कळलं, एका दिवशी डीलरनं फोनवर सांगितलं होतं की 4 सिलेंडर जाता जाता थेट कारखान्यावरच्या ठेकेदाराकडे उतरव. चलन डीलरच्या नावाचं, माल उतरला ठेकेदाराकडे, आणि डीलरच्या रजिस्टरला लिहायचं राहून गेलं. ते 4 सापडले.

राहिले 2. रिकाम्यांचा हिशोब बघितला तर तो बरोबर होता, सुरुवातीचे 25, परत पाठवले 196, शेवटी 31, म्हणजे गिऱ्हाइकांकडून 202 गोळा झाले, रजिस्टरला पण 202. म्हणजे चूक यादीतच. मागच्या महिन्याची यादी काढून शेजारी ठेवली तर एका वर्कशॉपचं नाव नव्या यादीतून गायब होतं, वर्कशॉप बंद पडलं म्हणून पोरानं नाव खोडलं. नाव गेलं पण सिलेंडर कुठं आला? त्या नावासमोर 2 होते. हे 2 खरंच गेलेले.

आणि अजून एक गोष्ट, जी नुसत्या संख्येवरून कधीच कळली नसती. आमच्या माणसानं 31 रिकाम्यांचे नंबर वाचले तेव्हा त्यातले 3 आमचे नव्हतेच, दुसऱ्या सप्लायरचे होते. म्हणजे आमचे रिकामे 28, आणि आमचे 3 कुठंतरी दुसऱ्याच्या गोडाऊनला बसलेत. संख्या जुळत असली तरी सिलेंडर जुळत नव्हते. म्हणून खरा फरक 6 नाही, 9 होता: 4 लिहायचे राहिलेले, 2 गेलेले आणि 3 बदललेले. तिन्हीवर उपाय वेगळा आहे. चारची फक्त नोंद करायची, तीनची अदलाबदल करून आणायची, आणि डिपॉझिटचा विषय फक्त दोनचा.

प्रश्न: हे परके सिलेंडर येतात कसे? आणि आलेच तर काय करायचं?

गिऱ्हाईक दोन ठिकाणाहून गॅस घेतंय, म्हणून येतात. उद्यमनगरात तर एकाच शेडमध्ये दोन-तीन सप्लायरचे सिलेंडर एका साखळीला बांधलेले दिसतात. तुमचा पोरगा जातो, रिकामा दिसला की उचलतो. रंग सारखाच, साईज सारखी, त्याची पण काही चूक म्हणता येत नाही. म्हणून उचलताना सिलेंडरच्या खांद्यावरचा पंच वाचायची सवय लावा, मालकाचं नाव किंवा खूण आणि नंबर तिथंच ठोकलेला असतो. रंगकाम जास्त झालं असेल तर वायर ब्रशने घासा.

परका आला तर तो आमच्या रिकाम्यांच्या मोजणीत धरू नका, वेगळा उभा करा, वेगळ्या पानावर लिहा, आणि कुठल्याही परिस्थितीत आमच्या गाडीत भरायला पाठवू नका. दुसऱ्याचा सिलेंडर त्याच्या परवानगीशिवाय भरणं हा हिशोबाच्या पलीकडचा, नियमांचा आणि जिवाचा विषय आहे, त्याच्या टेस्टचा इतिहास आपल्याला माहीत नसतो. महिन्यातून एकदा सप्लायर लोक आपापसात अदलाबदल करतात, त्यावेळी तुमचा पण सुटेल.

प्रश्न: अर्धा वापरलेला सिलेंडर गिऱ्हाइकानं परत दिला. भरलेला लिहू की रिकामा?

रिकामा. अर्धा असा खाना आम्ही ठेवत नाही, कारण एकदा तो ठेवला की प्रत्येक परत येणारा सिलेंडर "अर्धा आहे, पैसे द्या" असा यायला लागतो. भरलेल्यात फक्त तोच जो सील न तोडता आला. पूर्ण भरलेल्या ऑक्सिजनला साधारण 150 किलो प्रेशर असतंय, शंका आली तर गेज लावून बघा. गेज नसेल तर वजन करा, मोठ्या सिलेंडरमध्ये ऑक्सिजन साधारण 9 किलो असतो, रिकाम्याचं वजन अंगावर ठोकलेलंच असतंय.

गिऱ्हाइकाला हे पण सांगा की पूर्ण शून्यावर काढू नका, थोडं प्रेशर राहू दे आणि व्हॉल्व्ह बंद करून द्या. व्हॉल्व्ह उघडा राहिला की आत दमट हवा जाते, मग तो सिलेंडर भरण्याआधी साफ करायला बाजूला काढावा लागतो आणि तुमच्या फेऱ्यातून तेवढे दिवस कमी होतो.

प्रश्न: गळती म्हणून परत दिलेले भरलेले तुम्ही रिकाम्यात धरलेत, माझं गॅसचं बिल कमी झालं नाही.

ही चूक आमच्याकडून होते, मान्य. गाडीवाल्याच्या चलनावर "परत 12" एवढंच लिहून आलं की ऑफिसातला माणूस सगळे रिकामे समजतो. एकूण आकडा तरीही बरोबर राहतो म्हणून चूक लपून जाते आणि तुमचा गॅसचा पैसा बुडतो. म्हणून चलनावर परतीचे दोन खाने केलेत, परत-रिकामा आणि परत-भरलेला, दुसऱ्या खान्यात नंबर आणि कारण लिहिल्याशिवाय सही करू नका. गळक्या सिलेंडरवर खडूनं मोठी फुली मारा, नाहीतर गाडीतून उतरताना तो रिकाम्यांच्या ढिगात जाऊन बसतो.

प्रश्न: मोजणी कधी करायची? महिनाअखेरीला माझ्याकडे गर्दी असते.

महिनाअखेरच पाहिजे असं काही नाही, वेळ पक्की पाहिजे. आमच्यात सकाळी गाडी यायच्या आधीची मोजणी धरतात. दुपारी मोजलं तर अर्धा माल उतरलाय, अर्धा चढलाय, चलन झालंय पण सिलेंडर गाडीतच आहे, असल्या घोळात फरक 10-15चा दिसतो आणि शोधत बसावं लागतं. मोजणीच्या पानावर शेवटच्या चलनाचा नंबर लिहायचाच. म्हणजे त्या नंबरपर्यंतचा हिशोब वहीशी लावायचा, त्याच्या पुढचं पुढच्या महिन्यात.

पावसाळ्यात मात्र लवकर करून घ्या. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 ला शिरोलीजवळ हायवेवर पुराचं पाणी आलं तेव्हा रस्ता बंद होता, गाड्या अडकल्या, आणि ज्यांची मोजणी आधी झालेली होती त्यांनाच पुराआधी किती होते ते सांगता आलं. बाकीच्यांचा हिशोब नंतर कित्येक दिवस आठवणीवर चालला.

प्रश्न: मी सगळं एक्सेलमध्ये ठेवतो. कसं मांडू?

प्रत्येक डीलरचं, प्रत्येक गॅसचं वेगळं शीट करू नका, नंतर जोडता येत नाही. एकच लांब यादी ठेवा: A तारीख, B डीलर, C गॅस, D प्रकार, E संख्या. प्रकारात तीनच शब्द: `दिला`, `परत-रिकामा`, `परत-भरलेला`. सुरुवातीची शिल्लक पण पहिल्या तारखेला `दिला` म्हणूनच टाका. मग H2 मध्ये डीलर आणि I2 मध्ये गॅस लिहून जबाबदारीचा आकडा असा निघतो:

```
=SUMIFS(E:E,B:B,H2,C:C,I2,D:D,"दिला")-SUMIFS(E:E,B:B,H2,C:C,I2,D:D,"परत*")
```

`परत` पुढची `*` ही खूण महत्त्वाची, तिच्यामुळे दोन्ही प्रकारचे परत एकदम वजा होतात. मोजणीसाठी वेगळं शीट ठेवा, त्यात तारीख, डीलर, गॅस, भरलेले, रिकामे, परके. मोजणी कधीही वरच्या यादीत टाकून आकडा "जुळवून" घेऊ नका. फरक तसाच दिसू दे, त्याचं कारण सापडल्यावरच यादीत एंट्री करा. मी बघितलेल्या हिशोबांत सगळ्यात जास्त नुकसान जुळवून घेतलेल्या फरकांनी केलंय, कारण तो फरक परत कधी कुणाला दिसत नाही.

प्रश्न: नंबरवार ठेवायचं की नुसती संख्या पुरे?

तुमच्याकडे 40-50 असतील तर संख्या चालेल, पण महिन्यातून एकदा नंबर वाचा. त्याच्या वर गेलात तर नंबरवार ठेवावंच लागतंय, फक्त परक्यांसाठी नाही, टेस्टसाठी पण. ऑक्सिजन, नायट्रोजन, आर्गॉनच्या सिलेंडरची दर 5 वर्षांनी टेस्ट लागते, तारीख उलटली तर भरता येत नाही. गिऱ्हाइकाच्या कोपऱ्यात दोन वर्षं पडलेला सिलेंडर संख्येत एक दिसतो पण भरायला उपयोगाचा असेलच असं नाही. असे पडून राहिलेले शोधायला फक्त नंबर आणि शेवटच्या हालचालीची तारीख लागते: ज्या नंबरची 90 दिवसांत हालचाल नाही त्याची यादी काढा आणि त्या गिऱ्हाइकाकडे स्वतः जा, फोन करू नका. फोनवर सगळे "आहे की" म्हणतात.

प्रश्न: डिपॉझिटवर जीएसटी लागतो का?

घेताना नाही, कारण परत करायचं डिपॉझिट म्हणजे पेमेंट धरत नाहीत. पण सिलेंडर गेला म्हणून ते तुम्ही किमतीत वळतं करून घेतलं की तेव्हा ते पेमेंट होतं आणि कर येतो. वरच्या उदाहरणातल्या 2 सिलेंडरचं असं झालं. म्हणून डिपॉझिटचं खातं विक्रीच्या खात्यात मिसळू नका, आणि वळतं करायच्या आधी सीएला विचारा. रिकामे नेताना-आणताना विक्री होत नसते, त्यामुळे बिल नाही, डिलिव्हरी चलन करायचं.

प्रश्न: घरगुती गॅस एजन्सीला किंवा दुधाच्या क्रेटला हेच लागू पडतं का?

घरगुती गॅसचं वेगळं आहे. तिथं गिऱ्हाइकाकडची टाकी त्याच्या कनेक्शनवर, डिपॉझिट भरून असते, आणि भरलेली दिली की रिकामी हातात येते. त्यामुळे एजन्सीचे भरलेले अधिक रिकामे हा आकडा रोज तोच राहिला पाहिजे, फक्त नवीन कनेक्शन दिलं तर कमी होणार, कुणी कनेक्शन बंद केलं तर वाढणार. बाकी कशाने हलला तर त्याच दिवशी शोधायचा.

क्रेटला नंबर नसतो, म्हणून नंबरवार सगळं विसरा, फक्त संख्या आणि रोजच्या रोज सही. तिथं भरलेला क्रेट सकाळी जातो आणि दुसऱ्या सकाळी रिकामा येतो, त्यामुळे डीलरकडची शिल्लक एका दिवसाच्या मालापेक्षा फार वर जायला नको. गेली तर क्रेट बहुतेक बसायला, भाजी ठेवायला किंवा दुसऱ्या डेअरीच्या गाडीत गेलेत.

प्रश्न: महिन्याच्या शिल्लक पत्रावर मी सही केली नाही तर?

15 दिवसांत काही कळवलं नाही तर आम्ही आमचा आकडा धरून पुढं जातो, हे डीलरशिपच्या कागदात आहे. पण सही नुसत्या एकूण आकड्यावर करू नका. पत्रावर चार ओळी आहेत, एकूण, भरलेले, रिकामे, गिऱ्हाइकांकडे, आणि शेवटची ओळ तुम्हीच भरायची असते. ती तुमच्या यादीच्या बेरजेवरून भरा, आमच्या एकूणमधून वजा करून भरू नका. वजा करून भरली की चारही ओळी जुळतात आणि गेलेला सिलेंडर कुणालाच दिसत नाही.